एक चिमणी, दोन आकडे: १२१ आणि १८६

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात बगॅसवर, म्हणजे रस काढलेल्या उसाच्या चोथ्यावर चालणारा, ताशी सुमारे ४० टन वाफ देणारा बॉयलर आहे. धूर आधी पाण्याने धुणाऱ्या वेट स्क्रबरमधून जातो, मग आयडी फॅन हा पंखा तो चिमणीत ढकलतो. एकाच गाळप हंगामात, थोड्या दिवसांच्या अंतराने, या चिमणीची धूलिकणांसाठी दोनदा तपासणी झाली. एका प्रयोगशाळेने आकडा दिला १२१ मिलिग्रॅम प्रति नॉर्मल घनमीटर. दुसऱ्यांदा तपासणी आमच्या गटाने केली आणि आकडा आला १८६. २०१६च्या अधिसूचनेप्रमाणे साखर कारखान्याच्या चिमणीसाठी मर्यादा १५० आहे. म्हणजे एका कागदावर कारखाना पास, दुसऱ्यावर नापास.

कारखान्याच्या पर्यावरण अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न सरळ होता. "साहेब, बॉयलर तोच, बगॅस तोच, लोडही जवळपास तेवढाच. मग तुमचाच आकडा खरा कशावरून?" प्रश्न अगदी रास्त होता. जास्त आलेला आकडा आपोआप खरा ठरत नाही. नमुना घेणाऱ्या नळीचं तोंड, म्हणजे नॉझल, आत घालताना पोर्टच्या, म्हणजे चिमणीला ठेवलेल्या छिद्राच्या काठावर साचलेली राख किंवा गंज खरवडला गेला, तरी आकडा फुगतो. म्हणून आम्ही दोन्ही तपासण्यांच्या फील्ड शीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि ६५ मिलिग्रॅमचा फरक नेमका कुठून आला ते एकेक पायरी शोधलं. त्या शोधाचा हा वृत्तांत. यातले काही आकडे हिशोब सहज कळावा म्हणून किंचित गोल केले आहेत.

नळी धुरात धरली म्हणजे नमुना झाला असं नाही

वायू मोजायचा असेल, समजा सल्फर डायऑक्साइड, तर नळी कितीही वेगाने ओढली तरी फारसं बिघडत नाही. वायूचे रेणू प्रवाहाबरोबर वळतात. धुळीचं तसं नाही, कारण कणाला वजन असतं. खळ्यावर उफणणी करताना वाऱ्याने भुसा बाजूला वाहतो आणि दाणा सरळ खाली पडतो. नॉझलच्या तोंडाशी हेच घडतं.

चिमणीत धूर ९ मीटर प्रतिसेकंद वेगाने वर चालला आहे आणि नॉझलचं तोंड खाली, धुराच्या दिशेने आहे. पंपाने आपण धूर बरोबर ९ मीटरने आत ओढला, तर नॉझलसमोरचा धुराचा स्तंभ सरळ आत शिरतो. कुणाला वळावं लागत नाही. जेवढी धूळ त्या स्तंभात होती तेवढीच आत येते. आयसोकायनेटिक म्हणतात ते यालाच: चिमणीतला वेग आणि नॉझलच्या तोंडातला वेग एकच.

आता पंप जास्त जोरात चालवला, तर नॉझल आजूबाजूचा धूरही ओढून घेतं. वायू वळून आत येतो, पण त्यातला जड कण वळत नाही, तो नॉझलला चुकवून सरळ वर निघून जातो. आपल्याकडे वायू जास्त आला, धूळ मात्र तेवढीच आली. भागाकार केला की आकडा खऱ्यापेक्षा कमी निघतो. पंप हळू चालवला तर याच्या उलट घडतं. नॉझलसमोरचा काही वायू बाजूने निसटतो, पण त्यातले जड कण आपल्या वेगाच्या जोरावर आत घुसतात, आणि आकडा जास्त निघतो.

एक गोष्ट इथे पक्की लक्षात ठेवावी लागते, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. वेग जुळला नाही तर चूक किती होईल याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा म्हणजे दोन वेगांचं गुणोत्तर. तुम्ही १६ टक्के जास्त ओढलं, तर सगळे कण जड असले तरी आकडा फार तर १४ टक्क्यांनी कमी येईल. कण बारीक असतील तर तेवढाही फरक पडणार नाही. ८ मिलिमीटरचं नॉझल, ९ मीटरचा वेग आणि पाण्याइतक्या घनतेचा कण धरून हिशोब केला, तर १६ टक्के जादा ओढल्यावर ३ मायक्रॉनच्या कणाच्या बाबतीत चूक जेमतेम १ टक्का निघते, १० मायक्रॉनला सुमारे ६ टक्के आणि ३० मायक्रॉनला सुमारे १२ टक्के. त्यामुळे कुणी म्हणालं की "आयसोकायनेटिक नव्हतं म्हणून आकडा निम्मा आला", तर आधी गुणोत्तर काढायचं. पहिल्या गटाने, पुढे दिसेल तसं, १६ टक्के जास्त ओढलं होतं. १२१ आणि १८६ एवढी तफावत तेवढ्या चुकीत मावत नाही. म्हणजे आणखी काहीतरी होतं.

वेग आणि ओलावा

चिमणीचा आतला व्यास पोर्टपाशी २ मीटर. धुराचा डक्ट चिमणीत शिरतो तिथून पोर्ट १८ मीटर वर, आणि वर चिमणीचं तोंड ५ मीटरपेक्षा लांब. वळणानंतर किमान आठ व्यास सरळ अंतर आणि वर किमान दोन व्यास, ही नेहमीची अट इथे पाळली गेली आहे. काटकोनात दोन पोर्ट आहेत. त्यांना आपण अ आणि ब म्हणू.

अशा चिमणीत प्रत्येक पोर्टमधून सहा, एकूण बारा बिंदूंवर नमुना घेतात. वर्तुळाचे समान क्षेत्रफळाचे भाग करून बिंदू ठरवतात, त्यामुळे ते भिंतीकडे दाट असतात. २ मीटर व्यासात ते भिंतीपासून साधारण ९, २९, ५९, १४१, १७१ आणि १९१ सेंटीमीटरवर येतात. प्रोबवर, म्हणजे नॉझल बसवलेल्या लांब नळीवर टेपने खुणा करून ठेवायच्या आणि एकेका खुणेवर पाच मिनिटं थांबायचं.

वेग मोजायला एस-टाइप पिटोट ट्यूब आणि तिचा दाबफरक दाखवणारा तिरका मॅनोमीटर. पोर्ट अ मध्ये सहा बिंदूंवरचे वेग आले ७.३, ८.२, ८.९, ९.४, ९.९ आणि ८.५ मीटर प्रतिसेकंद, सरासरी ८.७. मॅनोमीटरवर हे सगळं ३.६ ते ६.६ मिलिमीटर पाण्याच्या आत बसतं. एवढ्याशा दाबफरकात अर्ध्या मिलिमीटरची चूकही दिसून येते, म्हणून मॅनोमीटर समतल आहे का आणि पिटोटच्या रबरी नळ्यांत पाण्याचा थेंब अडकला नाही ना, हे आधी पाहावं लागतं. स्क्रबरनंतरच्या चिमणीत तो थेंब हमखास अडकतो.

स्क्रबरमुळे धूर गोल गोल फिरत वर जाण्याचीही शक्यता असते. तसं असेल तर पिटोट आणि नॉझल दोन्ही तिरपं वाचतात आणि सगळीच मेहनत वाया जाते. पिटोट फिरवून दाबफरक शून्य होतो तो कोन प्रत्येक बिंदूवर पाहतात, आणि त्यांची सरासरी २० अंशांच्या वर गेली तर ती जागाच नाकारतात. इथे ती ७ अंश आली, म्हणजे जागा चालण्यासारखी होती.

आता पंप किती लिटरवर लावायचा? नॉझलच्या तोंडाशी गरम, ओला धूर शिरतो, पण मीटर मोजतो तो थंड झालेला आणि पाणी काढून टाकलेला वायू. दोघांची सांगड अशी घालतात:

```
Qm = An × Vs × (1 − Bw) × (Tm / Ts) × (Ps / Pm)
```

`Qm` म्हणजे मीटरवर दिसायला हवा तो प्रवाह, `An` नॉझलच्या तोंडाचं क्षेत्रफळ, `Vs` चिमणीतला वेग, `Bw` धुरातल्या पाण्याच्या वाफेचा अंश, आणि पुढे मीटर व चिमणी यांची तापमानं आणि दाब. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. यात `Bw` सर्वांत दुर्लक्षित. वेग मोजतात, तापमान मोजतात, पण ओलाव्याच्या रकान्यात बऱ्याचदा नेहमीचा एखादा आकडा टाकून मोकळे होतात.

पहिल्या अहवालात ओलावा होता ८ टक्के आणि धुराचं तापमान ६२ अंश सेल्सियस. या दोन आकड्यांपाशीच आम्ही थांबलो. बगॅसमध्ये निम्मं पाणी असतं. ते जळताना त्या पाण्याची वाफ होते, शिवाय बगॅसमधल्या हायड्रोजनपासूनही पाणी तयार होतं. त्यामुळे स्क्रबरला पोचण्यापूर्वीच धुराचा जवळपास पाचवा भाग वाफ असतो. वर स्क्रबरचं पाणी. स्क्रबरमधून बाहेर पडणारा धूर बहुतेक संपृक्त असतो, म्हणजे त्या तापमानाला जेवढी वाफ मावते तेवढी त्यात असते. ६२ अंशांवर पाण्याचा बाष्पदाब सुमारे २१.८ किलोपास्कल, आणि त्या गावच्या उंचीवर हवेचा दाब सुमारे ९५.३. भागाकार केला की २३ टक्के येतात. यासाठी चिमणीवर चढावंही लागत नाही, तापमान आणि बाष्पदाबाचा तक्ता हाती असला की झालं.

आम्ही बर्फात ठेवलेल्या इम्पिंजरांमध्ये, म्हणजे धूर बुडबुडत जातो अशा बाटल्यांमध्ये पाणी गोळा करून आणि शेवटच्या सिलिका जेलचं वजन करून ओलावा मोजला, तो आला २४ टक्क्यांच्या थोडा वर. ६२ अंशांवर वाफेच्या रूपात एवढं पाणी मावतच नाही. वरचं पाणी वाफेचं नव्हतं, ते थेंबांच्या रूपात आलं होतं. अशा वेळी हिशोबाला संपृक्ततेचा, म्हणजे २३चा आकडा घ्यायचा. जादाचं पाणी मात्र विसरायचं नाही, त्याचं काम पुढे पडलं.

८ ऐवजी २३ घेतल्याने काय बदलतं ते पाहा. पोर्ट अ चा वेग, ८ मिलिमीटरचं नॉझल, मीटरचं तापमान ३५ अंश धरलं तर प्रवाह हवा होता मिनिटाला सुमारे १८.६ लिटर. पहिल्या गटाने ठेवला २१.५. ओलावा कमी धरला म्हणजे धूर जास्त कोरडा मानला, साहजिकच मीटरवर जास्त वायू अपेक्षित धरला. (ओला धूर हलका असतो, त्यामुळे ओलाव्याच्या चुकीने वेगही ३ टक्क्यांनी कमी निघाला आणि चूक किंचित भरून आली, नाहीतर फरक आणखी वाढला असता.) गुणोत्तर निघतं ११६ टक्के. मान्य पट्टा ९० ते ११० टक्के.

त्यांच्या शीटवर आणखी एक खूण होती. सहाही बिंदूंवर प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरचं वाचन एकच, २१.५. पिटोटचे आकडे मात्र बिंदूगणिक बदललेले. म्हणजे वेग मोजले, पण त्याप्रमाणे पंपाचा वॉल्व्ह हलवला नाही. भिंतीजवळ, जिथे वेग ७.३ होता, तिथे त्यामुळे १३८ टक्के झाले, आणि ९.९च्या बिंदूवर १०२. कुठलाही स्टॅकचा, म्हणजे चिमणीचा अहवाल हातात आला की मी आधी हे दोन रकाने पाहतो. दाबफरक बदलतो आहे आणि प्रवाह हलत नाही, याचा अर्थ तिथे आयसोकायनेटिक नमुना घेतलेला नाही, मग खाली सरासरी टक्केवारी काहीही छापलेली असो.

७१ मिलिग्रॅम आणि ७० मिलिग्रॅम

इथपर्यंत आल्यावर आम्ही टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष वजनं पाहिली, आणि प्रकरण उलगडलं.

पहिल्या गटाने पोर्ट अ मधून अर्धा तास नमुना घेतला. थिंबलमध्ये, म्हणजे टोपणाच्या आकाराच्या फिल्टरमध्ये जमलेली धूळ ७१ मिलिग्रॅम. ओढलेला वायू ६४५ लिटर, म्हणजे २५ अंश आणि ७६० मिलिमीटर पारा या प्रमाण स्थितीत ०.५८७ घनमीटर. ७१ भागिले ०.५८७, उत्तर १२१.

आम्हीही पोर्ट अ मधून अर्धा तास नमुना घेतला, नॉझलही त्याच मापाचं. आमच्या फिल्टरवर जमले ७० मिलिग्रॅम. वायू ५५८ लिटर, प्रमाण स्थितीत ०.५०८ घनमीटर.

तेवढ्याच वेळात तेवढ्याच तोंडाच्या नॉझलमधून जवळजवळ तेवढीच धूळ आली होती. पहिल्या गटाने जादा ओढलेला ८७ लिटर वायू आपल्याबरोबर धूळ घेऊन आला नाही, असं म्हणायला जागा आहे. धूळ अगदी बारीक असती, तर जादा वायूबरोबर जादा धूळ येऊन त्यांच्या थिंबलमध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास दिसायला हवी होती. ती ७१च राहिली, म्हणजे कण बरेच जड असावेत. मात्र याला दुसरंही स्पष्टीकरण आहे: त्यांच्या थिंबलमधली काही धूळ वजन होण्याआधीच गेली असेल. दोन्हींपैकी कशाचा वाटा किती, हे या आकड्यांवरून वेगळं करता येत नाही. ७१ला योग्य घनफळाने, ०.५०८ने भागलं तर १४० येतात. वेगाच्या चुकीचा परिणाम इथपर्यंतच जाऊ शकतो. खरा परिणाम १२१ आणि १४० यांच्या मध्ये कुठेतरी.

धूळ वजनाआधी जाते कशी, हे पाहायला दोन गटांच्या उपकरणांतला फरक बघावा लागतो. पहिल्या गटाने थिंबल चिमणीच्या आत, नॉझलच्या लगेच मागे ठेवलं होतं. आपल्याकडच्या आयएस ११२५५च्या पद्धतीत ही रचना सर्रास वापरतात, आणि कोरड्या धुरासाठी ती उत्तम आहे. पण इथे धूर संपृक्त होता आणि त्यात थेंबही होते. काचतंतूचं थिंबल आत ओलं होतं, राखेचा चिखल त्याच्या तोंडाशी बसतो, आणि बाहेर काढताना ओल्या काचतंतूचा कडेचा भाग होल्डरला चिकटून फाटतो. मग वजनात धूळही कमी भरते आणि थिंबलच्या स्वतःच्या वजनाचाही तुकडा कमी होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतींत चिमणीच्या आत फिल्टर ठेवण्याची मेथड १७ आहे, पण थेंब असलेल्या किंवा संपृक्त धुराला ती चालत नाही असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. अशा ठिकाणी मेथड ५ वापरतात: फिल्टर बाहेर, गरम पेटीत, सुमारे १२० अंशांवर, आणि तिथपर्यंतचा प्रोबही गरम. थेंब वाटेतच वाळतो, त्यातली राख कोरडी होऊन फिल्टरवर बसते. आम्ही हीच मांडणी वापरली.

या मांडणीत एक कष्टाचं काम वाढतं. नॉझलपासून फिल्टरपर्यंतच्या नळीत राख चिकटून राहते. नमुना झाल्यावर नॉझल आणि प्रोब ॲसिटोनने ब्रश करून धुवायचे, ते धुवण स्वच्छ बाटलीत गोळा करायचं, वाळवून उरलेल्याचं वजन करायचं, आणि कोऱ्या ॲसिटोनचंही वजन घेऊन ते वजा करायचं. पोर्ट अ च्या आमच्या धुवणात १३ मिलिग्रॅम निघाले. फिल्टरवरचे ७० मिळवून ८३, आणि ०.५०८ने भागून १६३.

म्हणजे पोर्ट अ च्या धुळीचा जवळपास सहावा भाग फिल्टरपर्यंत पोचलाच नव्हता, तो नळीत होता. चिमणीतल्या थिंबलच्या रचनेत नॉझल आणि थिंबल यांच्यात जेमतेम वीतभर नळी असते, म्हणून तिथे एवढं चिकटत नाही. तरीही ते नॉझल धुवावंच लागतं. पहिल्या अहवालात धुवणाची नोंद नव्हती. नोंद नाही म्हणजे धुतलं नाही असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण ते वजन आकड्यात धरलेलं नाही हे नक्की.

बंद पोर्ट

१६३ झाले, १८६ अजून लांब होते. उरलेलं उत्तर गंजलेल्या फ्लँजमध्ये होतं.

पहिल्या तपासणीच्या वेळी पोर्ट ब उघडलाच नव्हता. फ्लँजचे बोल्ट गंजून जाम झाले होते, आणि वर प्लॅटफॉर्मवर गॅस कटर नेण्याची परवानगी त्या दिवशी मिळाली नाही. त्यांनी एकाच व्यासावर सहा बिंदू घेतले आणि तसं अहवालात लिहिलंही, हे मुद्दाम सांगायला हवं. आमच्या तपासणीआधी कारखान्याच्या फिटरने ते बोल्ट कापून दिले.

पोर्ट ब मध्ये सरासरी वेग आला ९.९ मीटर आणि धूळ घनमीटरला २०६ मिलिग्रॅम. आठ व्यास सरळ अंतर असूनही ही बाजू अ पेक्षा वेगवानही होती आणि जास्त मळकटही. डक्ट चिमणीत आडवा शिरतो, तिथे धूर वळतो, आणि जड कण व थेंब वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकले जातात. वरपर्यंत जाताना वायू बराचसा मिसळतो, पण जड कण तितके मिसळत नाहीत. आठ व्यासांचा नियम मुख्यतः वेग सारखा व्हावा म्हणून आहे. धूळही सारखी पसरेल याची हमी त्यात नाही.

दोन्ही पोर्टची मिळून धूळ ८३ अधिक ११९, म्हणजे २०२ मिलिग्रॅम, आणि वायू ०.५०८ अधिक ०.५७७, म्हणजे १.०८५ घनमीटर. उत्तर १८६. इथे आयसोकायनेटिक नमुन्याची एक गोष्ट मला फार आवडते. १६३ आणि २०६ यांची साधी सरासरी १८४.५ येते, पण ब बाजूने धूर जास्त जातो, म्हणून तिचं वजन जास्त धरायला हवं. नमुना प्रत्येक बिंदूवर त्या बिंदूच्या वेगाने घेतला असेल, तर वेगवान बाजूकडून आपोआप जास्त वायू आलेला असतो, आणि सगळी धूळ भागिले सगळा वायू केलं की बरोबर भारित सरासरीच हाती येते. प्रवाह एकाच आकड्यावर बांधून ठेवला की हा गुण हरवतो.

जास्त आकड्याची तपासणी

अधिकाऱ्यांचा मूळ प्रश्न अजून उभा होता. आमचा आकडा फुगलेला नाही कशावरून? तीन गोष्टी दाखवता आल्या. आयसोकायनेटिक टक्केवारी बाराही बिंदूंवर ९७ ते १०४च्या दरम्यान होती, म्हणजे हळू ओढून धूळ जास्त गोळा केलेली नाही. प्रोब आत घालण्यापूर्वी पोर्टची नळी ब्रशने साफ करून घेतली होती, आणि फिल्टरवर व धुवणात गंजाचे लालसर कण दिसले नाहीत. तिसरी गोष्ट गळतीची. नॉझलला बूच लावून ३८० मिलिमीटर पाऱ्याच्या निर्वातावर गळती मिनिटाला ०.५७ लिटरपेक्षा कमी असावी लागते. आमची त्याहून बरीच कमी होती, नमुन्याच्या आधीही आणि नंतरही. खरं तर गळतीने आकडा फुगत नाही, उतरतो, कारण फटीतून बाहेरची स्वच्छ हवा आत येते आणि मीटर ती धूर म्हणून मोजतो. तरी ही नोंद महत्त्वाची, आणि नमुना संपल्यावरची जास्त महत्त्वाची. प्रोब हलवताना, पोर्ट बदलताना सांधे सैल होतात. सुरुवातीची चाचणी त्याबद्दल काहीच सांगत नाही.

दोन तपासण्यांच्या दिवशी बॉयलरचा लोड तंतोतंत सारखा नव्हता. म्हणून १२१ ते १४०, १४० ते १६३ आणि १६३ ते १८६ ही शिडी एका मिलिग्रॅमपर्यंत खरी मानू नये. पण यातल्या प्रत्येक पायरीमागे एक ठोस कारण होतं आणि सगळ्या चुका एकाच दिशेने, आकडा कमी करणाऱ्या होत्या, हे कागदावरून दाखवता आलं. अधिकाऱ्यांनी ते मान्य केलं.

मग चिमणीचं काय केलं

आकड्याचा वाद मिटला तरी १८६ हा आकडा मर्यादेबाहेरच होता. इथे इम्पिंजरमधलं ते जादाचं पाणी कामाला आलं. संपृक्ततेच्या वर पाणी येतं आहे, म्हणजे स्क्रबरचे थेंब वर उडत आहेत. स्क्रबरचं पाणी फिरवून वापरतात आणि त्यात राख मुरलेली असते. असा थेंब चिमणीबाहेर पडून वाळला की मागे राख उरते, आणि आमच्या गरम फिल्टरवरही तेच झालं होतं. म्हणजे धूर धुणारं पाणीच काही प्रमाणात धूळ घेऊन जात होतं. प्रोबच्या धुवणात एवढी राख का चिकटली, याचंही हेच कारण असावं: गरम नळीच्या तोंडाशी आदळून वाळलेले थेंब.

पुढच्या बंदच्या दिवशी स्क्रबर उघडला, तेव्हा थेंब अडवणाऱ्या मिस्ट एलिमिनेटरच्या पट्ट्यांमधल्या निम्म्याहून जास्त वाटा राखेच्या पापुद्र्याने बुजलेल्या होत्या. उरलेल्या वाटांमधून धूर इतक्या वेगाने जात होता की थेंब अडण्याऐवजी त्याच्याबरोबर वर ओढले जात होते. पट्ट्या धुतल्या, काही बदलल्या. पाणी जिथे निवळतं त्या टाकीतला गाळ काढला, आणि फिरत्या पाण्यातला थोडा भाग सतत बाहेर सोडून ताजं पाणी भरायला सुरुवात केली. फॅन किंवा बॉयलरला हात लावावा लागला नाही.

फेरतपासणी दोन्ही पोर्टमधून, त्याच मांडणीने केली. धुराचं तापमान जवळपास तेच, आणि इम्पिंजरमधला ओलावा या वेळी संपृक्ततेच्या आकड्याला येऊन मिळाला, वर गेला नाही. प्रोबच्या धुवणातला वाटा सहाव्या भागावरून साधारण चौदाव्या भागावर आला. धूलिकणांचा आकडा आला १३४. पोर्ट ब अजूनही अ पेक्षा मळकट होता, पण दोघांतलं अंतर कमी झालं होतं. पुढच्या हंगामासाठी कारखान्याने तपासणीच्या वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी वाढवल्या: दोन्ही पोर्टमधले बिंदू घेतल्याशिवाय अहवाल स्वीकारला जाणार नाही, आणि प्रत्येक बिंदूचा दाबफरक, प्रवाह व मोजलेला ओलावा असलेली मूळ फील्ड शीट अहवालाला जोडावी.